दिवसाचा जोम आणि रात्रीचा भाव

आमच्या पिढीच्या धान्य व्यापाऱ्यांनी भावाचे ज्ञान मिळविले ते कानाने. सकाळी लिलावाचा पुकारा कोणत्या भावाने निघाला आणि दुपारी अखेरचा ढीग कोणत्या भावाने उठला, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे बाजाराचा कल समजत असे. सकाळच्या बोलीपेक्षा अखेरची बोली चढी असेल तर घेणाऱ्यास गरज आहे. सकाळची बोली चढी असून दुपारी ती ढिली पडली तर विकणाऱ्यास घाई आहे, असा आमच्या वडीलधाऱ्यांचा ठोकताळा होता. त्यास कोणी शास्त्र म्हणत नसे. परंतु जॉन एलर्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याने २००२ सालच्या जानेवारीत तेथील एका व्यापारविषयक मासिकात लेख लिहून नेमक्या याच ठोकताळ्यास गणिताचे रूप दिले. त्याचे नाव रिलेटिव्ह व्हिगर इंडेक्स. आम्ही त्यास सापेक्ष जोम निर्देशांक म्हणू.

आज आपल्या समाजातील बहुतेक तरुणांच्या हातातील फोनवर हा निर्देशांक दोन रेषांच्या रूपाने दिसतो. एक रेषा निर्देशांकाची, दुसरी तिच्या मागोमाग चालणारी, जिला इशारारेषा म्हणतात. पहिली रेषा दुसरीस खालून वर ओलांडून गेली की खरेदी, वरून खाली ओलांडून आली की विक्री, असे मुले सांगतात. हा सर्व सट्टा आहे म्हणून तो झटकून टाकणारे आमचे काही समवयस्क बंधू आहेत. आणि रेषांनी सांगितले म्हणजे झाले असे मानणारी त्यांचीच मुले आहेत. आमचे मत या दोहोंहून निराळे आहे. हा निर्देशांक प्रामाणिक हिशेब आहे, परंतु तो हिशेब कोणाच्या वहीतला आहे हे न पाहता गोदामवाल्याने तो आपल्या वहीत उतरवून घेणे घातक आहे. हे मत हिशेबानेच सिद्ध करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम निर्देशांक होतो कसा ते पाहू. दिवसाच्या प्रत्येक वायद्यास चार भाव असतात: उघडण्याचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंदचा. बंद भावातून उघडता भाव वजा करावा. ही झाली दिवसाची कमाई. वरच्या भावातून खालचा भाव वजा करावा. ही झाली दिवसाची पायपीट. कमाईस पायपिटीने भागले की दिवसाचा जोम मिळतो. समजा, हळदीचा वायदा क्विंटलला १४,००० रुपयांस उघडला, १४,१२० पर्यंत चढला, १३,९६० पर्यंत उतरला आणि १४,०८० वर बंद झाला. कमाई ८०, पायपीट १६०, जोम ०.५०. दुसऱ्या एखाद्या दिवशी उघडता व बंद भाव तेच, परंतु मध्यंतरी भाव १४,३०० पर्यंत जाऊन १३,९०० पर्यंत आला असेल, तर कमाई तीच ८०, पायपीट मात्र ४००, आणि जोम अवघा ०.२०. दोन्ही दिवशी वर्तमानपत्रात बंद भाव एकच छापून येईल. पण पहिल्या दिवशी बाजाराला दिशा होती आणि दुसऱ्या दिवशी नुसती धावपळ होती, हा भेद भागाकार दाखवितो. कमाई पायपिटीहून अधिक असूच शकत नाही. म्हणून हा आकडा उणे एक आणि अधिक एक यांच्या बाहेर कधीही जात नाही.

एका दिवसाच्या आकड्यावर कोणी विसंबत नाही. म्हणून एलर्स यांनी चार दिवसांची वजनी सरासरी घेतली. आजच्या दिवसास वजन एक, कालच्यास दोन, परवाच्यास दोन, तेरवाच्यास एक. बेरजेस सहाने भागावयाचे. ही वजने मनास येईल तशी घेतलेली नाहीत. बाजार एक दिवस चढून दुसऱ्या दिवशी तितकाच उतरत असेल, म्हणजे अधिक दहा, उणे दहा, अधिक दहा, उणे दहा असा झोके घेत असेल, तर या वजनांनी गुणून पाहावे: दहा, उणे वीस, अधिक वीस, उणे दहा, बेरीज शून्य. तीन दिवसांचा झोका, ज्याची एकूण बेरीज शून्य आहे, तोही या चाळणीत असाच नाहीसा होतो; कारण चौथा दिवस पहिल्याची पुनरावृत्ती असल्याने प्रत्येकास दोन दोन वजन मिळते. दोनतीन दिवसांची निरर्थक हालचाल गाळून टाकण्यासाठी ही चाळणी केलेली आहे. एलर्स हे विद्युत् संकेतांतील खरखर काढून टाकण्याच्या विद्येत मुरलेले गृहस्थ. तीच विद्या त्यांनी भावांस लावली.

कमाईची अशी चाळलेली सरासरी आणि पायपिटीची अशीच चाळलेली सरासरी, या दोन्हींची सहसा दहा दहा दिवसांची बेरीज घेतात आणि पहिल्या बेरजेस दुसरीने भागतात. रोजच्या भागाकारांची सरासरी न घेता बेरजांचा भागाकार घेतात, हे लक्षात ठेवावे. दहा पोती एका भावाने आणि चारशे पोती दुसऱ्या भावाने घेतली तर सरासरी भाव काढताना दोन्ही भाव मिळवून दोनाने भागणारा मुनीम आपण ठेवणार नाही. पोत्यांचे वजन धरूनच सरासरी काढली पाहिजे. तसेच येथेही ज्या दिवशी बाजार मोठा हलला त्या दिवसाचे वजन आपोआप अधिक पडते. हा झाला निर्देशांक. या निर्देशांकाच्याच शेवटच्या चार आकड्यांना पुन्हा एक, दोन, दोन, एक या वजनांनी गुणून सहाने भागले की इशारारेषा मिळते.

आता या दोन रेषांचे वय काढू. एक, दोन, दोन, एक या चाळणीतील आकड्यांचे सरासरी वय दीड दिवस. दहा दिवसांच्या बेरजेचे सरासरी वय साडेचार दिवस. म्हणजे निर्देशांक सांगतो ती बातमी सुमारे सहा दिवसांपूर्वीची असते, आणि इशारारेषेची साडेसात दिवसांपूर्वीची. ओलांडणी म्हणजे सहा दिवसांची बातमी आणि साडेसात दिवसांची बातमी यांतील फरकाची दिशा बदलणे, याहून अधिक काही नाही. निर्देशांक शून्याच्या पुष्कळ खाली असतानाही तो पूर्वीपेक्षा तिळभर कमी उणे झाला तर ओलांडणी घडते. ती वळणाची खूण आहे, बळाची नव्हे.

एवढ्यापर्यंत निर्देशांकाविषयी आमची तक्रार नाही. परंतु वरील हिशेब वाचताना चतुर वाचकांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. कमाई काढताना आपण आजचा बंद भाव आणि आजचाच उघडता भाव घेतला. काल सायंकाळी बाजार ज्या भावावर बंद झाला आणि आज सकाळी ज्या भावावर उघडला, त्या दोहोंमधील अंतर या हिशेबात कोठेच आलेले नाही. आपल्यातील व्रतस्थ मंडळी सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत; हा निर्देशांकही जणू तोच नियम पाळतो. रात्री जे घडते त्यातले तो काही ग्रहण करीत नाही. व्रत म्हणून ते स्तुत्य असेल, पण बाजार मात्र ते पाळीत नाही.

याचा परिणाम किती विपरीत होऊ शकतो हे दाखविण्यासाठी आम्ही एक उदाहरण मांडतो. आकडे आम्ही सोयीसाठी घेतलेले आहेत; परंतु हळदीच्या बाजारात आवकेच्या दिवसांत या धर्तीची चाल पाहिलेले बंधू आमच्यापाशी साक्ष देतील.

समजा, हळदीचा वायदा बरेच दिवस संथपणे उतरत आहे. रोज कालच्या बंद भावावरच उघडतो, २० रुपये खाली बंद होतो, आणि दिवसाची पायपीट ८० रुपयांची असते. चाळणीतून काहीही काढले तरी उणे २० आणि ८० हेच आकडे येतात. निर्देशांक उणे ०.२५, इशारारेषाही उणे ०.२५. असे होत होत एके सायंकाळी भाव १४,००० वर बंद झाला.

त्या रात्री पुढील पिकाची मोठी आवक होणार असल्याची वार्ता फुटली. दुसऱ्या दिवशी बाजार १०० रुपये खाली, १३,९०० वर उघडला. ज्यांनी आधी विकून ठेवले होते त्यांनी नफा पदरात घेण्यासाठी दिवसभर खरेदी केली. त्यामुळे भाव सावरून १३,९६० वर बंद झाला. वरचा भाव १३,९७० आणि खालचा १३,८९०, पायपीट पूर्वीप्रमाणेच ८०. कालच्यापेक्षा बाजार ४० रुपये उतरला. म्हणजे मंदीचा वेग रोजच्या २० वरून ४० वर, दुप्पट झाला. निर्देशांकास मात्र दिसली ती ६० रुपयांची कमाई. चाळणीत आजचे अधिक ६०, कालचे उणे २० दोनदा, परवाचे उणे २० दोनदा आणि तेरवाचे उणे २० एकदा मिळून बेरीज उणे ४० येते. सहाने भागून उणे ६.६७. आधीच्या नऊ दिवसांचे उणे १८० त्यात मिळवून उणे १८६.६७, त्यास दहा दिवसांच्या ८०० रुपयांच्या पायपिटीने भागले की निर्देशांक सुमारे उणे ०.२३. इशारारेषा अद्याप सुमारे उणे ०.२५ वर. म्हणजे ज्या दिवशी मंदीचा वेग दुप्पट झाला, त्याच दिवशी निर्देशांकाने इशारारेषा खालून वर ओलांडली आणि फोनवर खरेदीची खूण उमटली.

पुढे रोज हेच चालले. सकाळी कालच्या बंद भावाखाली १०० रुपयांनी उघडावयाचे, दिवसभरात ६० रुपये सावरावयाचे. दहाव्या दिवशी बंद भाव १३,६०० झाला. निर्देशांक या दहा दिवसांत उणे ०.२३ वरून अधिक ०.६० पर्यंत चढला. त्या दिवशीची इशारारेषा ०.४५ वर, म्हणजे निर्देशांक तिच्या वर आहे आणि खरेदी कायम ठेवावी असेच दोन्ही रेषा सांगतात. ओलांडणी बाजार बंद झाल्यावरच कळते, म्हणून आज्ञाधारक मुलाने दुसऱ्या दिवशी उघडत्या भावास, १३,८६० ला, खरेदी केली असे धरू. दहाव्या दिवशी त्याला क्विंटलमागे २६० रुपयांचा तोटा आहे. हळदीच्या वायद्याचा एक लॉट पाच टनांचा, म्हणजे पन्नास क्विंटलचा. एका लॉटमागे १३,००० रुपये गेले, आणि रेषा अद्याप त्यास शाबासकी देत आहेत.

येथे निर्देशांक खोटे बोलला काय? आमच्या मते नाही. या दहा दिवसांत जो मनुष्य सकाळी उघडताच घेऊन सायंकाळी बंद होताना विकून मोकळा होत होता, त्याला दररोज ६० रुपये मिळाले. दहा दिवसांत ६०० रुपये. त्याच्या वहीशी निर्देशांक अगदी तंतोतंत जुळतो. परंतु ज्याचा माल गोदामात पडून आहे त्यास दहा रात्रींत रोज १०० प्रमाणे १,००० रुपयांचा फटका बसला. ६०० सावरून निव्वळ तोटा ४०० चा. निर्देशांकाने दिवसपाळीच्या माणसाचा हिशेब लिहिला, आणि आपण तो रात्रंदिवस माल सांभाळणाऱ्याचा म्हणून वाचला. चूक लिहिणाऱ्याची नसून वाचणाऱ्याची आहे.

आपल्या धंद्यात रात्रीचे अंतर हे अपवादाने येणारे नाही, हेही सांगितले पाहिजे. धान्याचे भाव ज्या गोष्टींनी हलतात, त्यांतील पुष्कळशा बाजार बंद असतानाच घडतात. रात्री पाऊस पडतो. परदेशातील बाजार आपल्या रात्री चालतात. आणि सरकारी आदेशही बहुधा सायंकाळीच बाहेर पडतात. १३ मे २०२२ रोजी, शुक्रवारी, गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालणारी अधिसूचना निघाली हे आपणां सर्वांस स्मरत असेल. आपल्याकडे त्या वेळी गव्हाचे वायदे स्थगितच होते. परंतु शिकागोच्या बाजारात शुक्रवारी जुलै महिन्याच्या गव्हाचा बंद भाव बुशेलला ११ डॉलर ७७½ सेंट होता. शनिवार-रविवारची सुटी संपून बाजार उघडताच भाव उसळला आणि सोमवारी १२ डॉलर ४७½ सेंटांवर, म्हणजे एका दिवसास परवानगी असलेल्या ७० सेंटांची संपूर्ण मर्यादा गाठून बंद झाला. एवढी मोठी घटना. पण तिच्यातील जो भाग उघडण्यापूर्वीच भावात येऊन बसला, तो या निर्देशांकाच्या लेखी घडलाच नाही.

मर्यादेची गोष्ट निघाली आहे तर तिचा आणखी एक परिणाम पाहावा. वायद्यास दिवसाची वरची व खालची मर्यादा असते. कधी कधी बाजार उघडतो तोच मर्यादेवर आणि दिवसभर तेथेच कुलूपबंद राहतो. घेणारे पुष्कळ, विकणारा कोणी नाही. त्या दिवशी चारही भाव एकच. कमाई शून्य, पायपीट शून्य. तेजीचा सर्वांत जोरकस दिवस जोमाच्या बेरजेत शून्य भर घालतो आणि निर्देशांक आधीच्या दिवसांवरच रेंगाळत राहतो. अशा वेळी रेषा शांत दिसल्या म्हणून बाजार शांत आहे असे समजणाऱ्यास बाहेर पडण्याचा दरवाजाच सापडत नाही.

निर्देशांकाच्या बाजूचीही एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. एका महिन्याचा वायदा संपून पुढील महिन्याचा सुरू होतो तेव्हा गोदामभाडे, व्याज इत्यादींमुळे दोन वायद्यांच्या भावांत अंतर असते. दोन्हींचे भाव एकाच आलेखात जोडले की तेथे एक खोटी पायरी दिसते. कालच्या बंद भावावर आधारलेले अनेक निर्देशांक या पायरीवर ठेचकाळतात. जोम निर्देशांक कालच्या भावाकडे पाहतच नसल्याने तो या पायरीपासून सुरक्षित राहतो. जो डोळा रात्र पाहत नाही तो रात्रीची भुतेही पाहत नाही. एकाच गुणाची ही दोन अंगे आहेत.

मग गोदामवाल्याने करावे काय? आमची सूचना साधी आहे, आणि ती रोजमेळ लिहिणाऱ्या कोणासही जमण्यासारखी आहे. चार भावांच्या शेजारी पाचवा रकाना आखावा आणि त्यात आजच्या उघडत्या भावातून कालचा बंद भाव वजा करून लिहावा. हा रात्रीचा रकाना. निर्देशांकासाठी दहा दिवसांची बेरीज घेत असू तर याचीही दहा दिवसांची बेरीज घ्यावी. ओलांडणी वरच्या दिशेने झाली आणि रात्रीची बेरीजही अधिक असेल, तर दिवस आणि रात्र एकमताने बोलत आहेत; त्या इशाऱ्यास मान द्यावा. ओलांडणी वरच्या दिशेने आणि रात्रीची बेरीज उणे असेल, तर तो इशारा दिवसपाळीच्या माणसासाठी आहे, आपल्यासाठी नाही. वरील उदाहरणात ओलांडणीच्या पहिल्याच दिवशी रात्रीच्या रकान्यात उणे १०० आले होते, आणि त्याआधीच्या नऊ दिवसांचे शून्य. बेरीज उणे १००. तेवढ्या एका आकड्याने खरेदी थांबली असती. वायदा बदलण्याच्या दिवशी मात्र जुन्याचा बंद भाव आणि नव्याचा उघडता भाव यांची वजाबाकी करू नये; त्या दिवशी नव्या वायद्याचाच कालचा बंद भाव पाहून घ्यावा, नाहीतर ती खोटी पायरी या रकान्यात येऊन बसेल.

आता शेवटची, आणि आम्हांस सर्वांत काळजीची वाटणारी गोष्ट. डिसेंबर २०२१ मध्ये गहू, हरभरा, मूग, सोयाबीन, मोहरी, बिगर बासमती भात आणि कच्चे पामतेल या सात शेतमालांच्या वायद्यांस स्थगिती मिळाली, आणि तिची मुदत पुढे वारंवार वाढविण्यात आली. ज्या मालात आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य गेले त्याच मालास रोजचे चार भाव देणारा बाजार उरला नाही. तेव्हा काही होतकरू मुलांनी बाजार समितीच्या दरपत्रकावरूनच निर्देशांक बांधावयास आरंभ केला. आमच्याच पेढीवरील एका हुशार तरुणाने हरभऱ्यासाठी असे कोष्टक करून दाखविले. किमान दर हा खालचा भाव, कमाल दर हा वरचा भाव, सर्वसाधारण दर हा बंद भाव, आणि कालचा सर्वसाधारण दर हा आजचा उघडता भाव, असे त्याने धरले होते. रेषा सुरेख उमटल्या होत्या आणि ओलांडण्याही होत होत्या.

आम्ही त्यास आपल्या दुकानातील दोन पोती उघडून दाखविली. एकात टपोरा, कोरडा, एकसारखा हरभरा. दुसऱ्यात किडका, ओलसर, काडीकचऱ्याचा. त्याच सकाळी एकाच लिलावात, पाच मिनिटांच्या अंतराने, हे दोन ढीग उठले होते. एक कमाल दराने, दुसरा किमान दराने. समितीच्या पत्रकातील कमाल आणि किमान यांच्यामधील अंतर हे मालाच्या प्रतीचे अंतर आहे, दिवसभरात भाव हलल्याचे नव्हे. एखाद्या दिवशी पावसात भिजलेला माल आला की किमान दर खाली जाईल, पायपीट वाढल्यासारखी दिसेल आणि जोम घटेल. बाजार मात्र तसूभरही हललेला नसेल. सर्वसाधारण दर हा बहुतांश माल ज्या भावास गेला तो भाव. तो बंद भाव नव्हे, कारण त्यास वेळच नाही. चारही रकान्यांत आकडे भरले गेले म्हणून चार भाव झाले असे नाही. मुलगा समजूतदार; त्याने कोष्टक फाडले नाही, पण त्यावर विसंबून घेतलेला हरभरा काढून टाकला, आणि आम्हीही त्यास बोल लावला नाही. साठ पोती माल घेण्याआधी त्याने आम्हांस विचारले नाही, त्यात त्याच्याइतकीच चूक आमची, कारण फोनवरील रेषांविषयी त्याने पूर्वी विचारले तेव्हा तो सट्टा आहे म्हणून आम्हीच त्यास वाटेस लावले होते.

आमच्या संघापुढे आम्ही एक मागणी ठेवून लेख संपवितो. संघ सभासदांस जे भावपत्रक पाठवितो त्यात हळद, जिरे, धणे इत्यादि वायद्यांचा केवळ बंद भाव छापला जातो. केवळ बंद भावावरून दिवसाचा जोमही काढता येत नाही आणि रात्रीचे अंतरही कळत नाही. त्या शेजारी उघडता, वरचा आणि खालचा भाव छापावा, आणि पाचवा रकाना रात्रीच्या अंतराचा ठेवावा. कागद तेवढाच लागेल. ज्यास रेषा पाहावयाच्या त्याने फोनवर पाहाव्यात. परंतु खरेदीचे बोट दाबण्यापूर्वी पाचव्या रकान्याकडे एकदा दृष्टी टाकण्याची सवय पेढीवर बापाने आणि मुलाने मिळून लावून घ्यावी. त्यामुळे सगळेच तोटे टळतील असे आम्ही म्हणत नाही. दिवसपाळीच्या माणसाचा हिशेब आपल्या वहीत चढविल्यामुळे होणारा तोटा मात्र निश्चित टळेल.